नारायणगावातून एसटी सुटली, पण तिकीट अजून वेटिंगलाच: RAC, तत्काळ आणि ‘चार्ट’ या शब्दांचा खरा अर्थ काय?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत रेल्वे स्टेशन नाही. पुणे–नाशिक रेल्वे राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव मार्गे येणार, असं इथली माणसं कित्येक वर्षं ऐकत आली. मग आडवी आली ती खोडदची दुर्बीण. जीएमआरटीच्या ३० मोठ्या तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात आणि जवळून धावणाऱ्या विजेच्या गाडीचा त्यात गोंगाट होतो. त्यामुळे नारायणगावचा मार्ग शक्य नसल्याचं केंद्र सरकारने सांगितलं आणि शिर्डी–अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे केला. त्यावरून या भागात नाराजी आहे, आंदोलनंही झाली. तो वाद आपल्या जागी.

पण या सगळ्याचा एक परिणाम कुणी फारसा मोजत नाही. ज्याच्या घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे, त्याला ‘तिकीट कन्फर्म होईल का?’ एवढाच प्रश्न असतो. नारायणगाव, मंचर किंवा जुन्नरच्या माणसाला दुसरा प्रश्न जास्त छळतो: ते कळेल कधी? घरातून निघण्याआधी, की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर?

नारायणगाव ते पुणे साधारण ७५ किलोमीटर. नकाशावर दोन तासांचा रस्ता वाटतो. पण राजगुरूनगर, चाकण, मोशी, नाशिक फाटा हे सगळं पार करून पुणे स्टेशन गाठायला तीन-साडेतीन तास हाताशी ठेवूनच निघावं लागतं. म्हणून तिकिटावरचे ते इंग्रजी शब्द इथल्या माणसाने घड्याळासोबत वाचायला हवेत.

एक उदाहरण घेऊ

समजा, नारायणगावच्या चौघांच्या कुटुंबाला झेलम एक्सप्रेसने दिल्लीकडे जायचं आहे. झेलम पुण्यातूनच सुटते, जम्मूपर्यंत जाते. पुण्यातून तिची सुटायची वेळ संध्याकाळी पाचनंतरची.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. या कुटुंबाने पंधरा-वीस दिवस आधी स्लीपरची चार तिकिटं काढली आणि मोबाइलवर आलं `GNWL/41` ते `GNWL/44`.

WL म्हणजे वेटिंग लिस्ट, हे सगळ्यांना माहीत असतं. आधीची दोन अक्षरं मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि खरा फरक तिथेच असतो. GN म्हणजे जनरल, सर्वसाधारण कोटा. गाडी जिथून सुटते त्या किंवा त्याच्या जवळच्या स्टेशनवरून लांबच्या प्रवासाचं तिकीट काढलं की सहसा हा कोटा मिळतो. गाडीतला सर्वांत मोठा कोटा हाच. जागा जास्त, म्हणून रद्द होणारी तिकिटंही जास्त, आणि म्हणून यादी पुढे सरकण्याची शक्यताही जास्त.

आता हेच कुटुंब नागपूरला निघालं असतं आणि कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्यांनी पुण्यातून धरली असती, तर? गाडी पुण्याची नाही, पुणे हे तिचं मधलं स्टेशन. अशा वेळी तिकिटावर `RLWL` किंवा `PQWL` दिसू शकतं. `RLWL` म्हणजे वाटेतल्या मोठ्या स्टेशनसाठी राखलेल्या जागांची यादी आणि `PQWL` म्हणजे मधल्या अनेक लहान-मोठ्या स्टेशनांत मिळून वाटलेल्या कोट्याची यादी. दोन्ही कोटे लहान. त्यामुळे आकडा छोटा दिसला तरी हुरळून जायचं नाही. `RLWL/10` पेक्षा `GNWL/40` आधी सुटण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. ज्या रांगेत दहाच जागा आहेत तिथला दहावा नंबर आणि जिथे शेकडो जागा आहेत तिथला चाळिसावा नंबर, यांची तुलना होत नाही.

तिकिटावर दोन आकडे असतात, तेही समजून घ्या. `GNWL/41` हा तिकीट काढतानाचा नंबर, तो कायम तसाच राहतो. पीएनआर तपासल्यावर ‘करंट स्टेटस’मध्ये दिसतो तो आजचा नंबर. आपल्या कुटुंबाचा आकडा प्रवासाच्या आदल्या दिवशी `GNWL/6` ते `GNWL/9` वर आला. म्हणजे ३५ जागा पुढे सरकल्या. आता काय करायचं?

आदल्या दिवशी सकाळी अकराचा पेच

इथे तत्काळ मध्ये येतं. गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते, त्याच्या आदल्या दिवशी एसीचं तत्काळ सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं. चांगल्या गाड्यांत ते काही मिनिटांत संपतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, ओटीपी लागतो, आणि पहिला अर्धा तास एजंटांना तत्काळ काढता येत नाही. खातं जोडायचं काम सकाळी ९:५५ ला सुरू करणाऱ्याचं तत्काळ निघत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तत्काळचा जादा आकार स्लीपरला १०० ते २०० रुपये आणि थर्ड एसीला ३०० ते ४०० रुपये असतो. एका पीएनआरवर जास्तीत जास्त चार माणसं. पण पैशापेक्षा मोठी अट पुढे आहे. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट आपण स्वतः रद्द केलं, तर पैसे परत मिळत नाहीत.

पेच असा की साधं वेटिंग सुटलं की नाही ते कळतं चार्ट बनल्यावर, आणि तत्काळची खिडकी उघडते त्याच्या कितीतरी तास आधी. ‘चार्टमध्ये नाही झालं तर तत्काळ काढू’ हा बेत त्यामुळे होऊच शकत नाही. चार्ट येईल तेव्हा तत्काळ संपलेलं असतं. नंबर ६ ते ९ वर असताना, प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी अकरालाच, त्या कुटुंबाला ठरवावं लागतं. तत्काळ कन्फर्म मिळालं तर वेटिंगचं तिकीट चार्टच्या आधी रद्द करता येतं, त्यात माणशी कारकुनी शुल्क कापलं जातं आणि बाकीचे पैसे परत येतात. उलटं करायला गेलं, म्हणजे वेटिंग सुटलं म्हणून तत्काळ रद्द केलं, तर तत्काळचे सगळे पैसे बुडतात.

आणि एक फसवी गोष्ट. तत्काळमध्येही वेटिंग असतं, त्यावर `TQWL` लिहिलेलं येतं. तत्काळचे पैसे भरले म्हणजे आपला नंबर पुढे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तत्काळची वेटिंग यादी RAC मध्ये जात नाही. सुटली तर थेट कन्फर्म, नाहीतर रद्द. शिवाय चार्ट बनताना सर्वसाधारण यादीला आधी प्राधान्य मिळतं. हातात `GNWL/6` असताना `TQWL/6` विकत घेणं हा बहुधा तोट्याचा सौदा.

कल्याणहून जाणाऱ्यांसाठी तारखेचा एक खड्डाही इथेच आहे. जुन्नर, ओतूरकडची बरीच माणसं माळशेज घाट उतरून कल्याणला गाडी धरतात. समजा, गाडी मुंबईतून १४ तारखेला रात्री ११:५० ला सुटली आणि कल्याणला १२:४० ला आली. तुमच्या तिकिटावर तारीख १५ असेल. पण तत्काळ मोजायचं गाडीच्या सुटण्यावरून, म्हणजे ते उघडेल १३ तारखेला. १४ च्या सकाळी मोबाइल घेऊन बसलेल्याला काहीच मिळणार नाही. पावसाळ्यात माळशेजला दरड पडून रस्ता बंद होतो तो त्रास निराळाच.

चार्ट म्हणजे नेमकं काय होतं?

‘चार्ट प्रिपेअर्ड’ म्हणजे कोण कुठल्या डब्यात, कुठल्या बर्थवर बसणार याची यादी पक्की झाली. त्या क्षणी वेटिंग एकदम कमी होतं, कारण फक्त रद्द झालेली तिकिटंच हिशेबात येत नाहीत. तातडीच्या शिफारशींसाठी आणि वेगवेगळ्या कोट्यांसाठी राखून ठेवलेल्या, पण वापरल्या न गेलेल्या जागाही त्या वेळी खुल्या होतात आणि RAC, वेटिंगवाल्यांना मिळतात. म्हणून कालपर्यंत अडकलेला नंबर चार्टमध्ये सुटलेला दिसतो.

हा पहिला चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी बनायचा. आपल्या कुटुंबाचं गणित त्या नियमाने करून पाहा. झेलम पाचनंतर, म्हणजे चार्ट दुपारी एकच्या आसपास. पण नारायणगावातून निघायचं अकरा-साडेअकराला. म्हणजे बॅगा, डबे, म्हाताऱ्या आईला घेऊन एसटीत बसायचं आणि तिकिटाचं काय झालं ते राजगुरूनगर-चाकणच्या मध्ये कुठेतरी मोबाइलवर बघायचं. नाही झालं तर उतरून परतीची गाडी धरायची. हे कित्येकांनी केलं आहे.

जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ही वेळ आठ तासांवर नेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा बदलली. आता पहाटे ५:०१ ते दुपारी २ पर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा पहिला चार्ट आदल्या रात्री ८ वाजेपर्यंत बनतो. दुपारी २:०१ नंतरच्या आणि मध्यरात्री ते पहाटे ५ पर्यंतच्या गाड्यांचा किमान दहा तास आधी. म्हणजे झेलमचा निकाल सकाळी सातच्या सुमारास, घरी चहा पिताना कळतो. अजनीकडे जाणाऱ्या सकाळच्या वंदे भारतचा निकाल आदल्या रात्री आठला कळतो. पुण्यात नातेवाइकाकडे मुक्कामाला जायचं की नाही, हे त्यावर ठरवायला तेवढाच वेळ उरतो, पण उरतो.

मधल्या स्टेशनवरून चढणाऱ्यांनी मात्र आपल्या स्टेशनच्या वेळेवरून दहा तास मोजू नयेत. लांबून येणाऱ्या गाडीचा चार्ट पहिल्या स्टेशनच्या वेळेप्रमाणे आधीच बनलेला असू शकतो, तर काही गाड्यांना वाटेतल्या मोठ्या स्टेशनसाठी वेगळा चार्ट असतो. आयआरसीटीसीच्या `Charts / Vacancy` या पानावर गाडी, तारीख आणि चढण्याचं स्टेशन टाकलं की चार्ट झाला की नाही ते दिसतं.

लवकर चार्टची दुसरी बाजूही आहे, तिच्याविषयी कमी बोललं जातं. ऑनलाइन काढलेलं पूर्ण वेटिंग तिकीट पहिल्या चार्टलाच आपोआप रद्द होतं आणि शुल्क कापून पैसे परत येतात. त्यानंतर कुणी तिकीट रद्द केलं तर ती रिकामी जागा तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही रांगेत राहिलेलाच नाही. म्हणजे निकाल सहा तास आधी कळतो आणि आशाही सहा तास आधी संपते. स्टेशनजवळ राहणाऱ्याला हा तोटा वाटू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला मात्र हा सौदा फायद्याचाच आहे.

चार्टचा निकाल आला: दोघे RAC, दोघे वेटिंग

सकाळी सातला आपल्या कुटुंबाने पीएनआर पाहिला. दोन नावांपुढे RAC, दोन नावांपुढे अजून WL. इथे बहुतेक घरांत गोंधळ उडतो.

RAC म्हणजे प्रवास पक्का, झोपायची जागा अर्धी. बाजूचा खालचा बर्थ दोन माणसांना बसायला वाटून दिलेला असतो. भाडं पूर्ण घेतात, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही. पण RAC वाल्याला गाडीतून कुणी उतरवू शकत नाही. एसीच्या डब्यात दोघांनाही स्वतंत्र चादर-ब्लँकेट मिळतं. कन्फर्म तिकीटवाला आलाच नाही, की टीसीच्या हातातल्या यंत्रावर ती जागा रिकामी नोंदली जाते आणि RAC च्या क्रमाने पुढच्याला दिली जाते. त्यामुळे रात्री पूर्ण बर्थ मिळण्याची शक्यता चांगली असते. फक्त आपल्या जागेवर बसून राहायचं. दुसऱ्या डब्यात ओळखीच्याकडे गप्पा मारत बसलं आणि टीसी येऊन गेला, तर आपणच ‘गैरहजर’ ठरण्याचा धोका. वंदे भारतमध्ये RAC हा प्रकारच नाही, तिथे कन्फर्म किंवा काहीच नाही.

मग उरलेल्या दोघांचं काय? चौघं एकाच पीएनआरवर आहेत आणि त्यातले दोघे RAC झालेत, म्हणून हे तिकीट आपोआप रद्द होत नाही. चौघांचीही नावं चार्टवर राहतात आणि चौघांनाही गाडीत चढता येतं. ज्या दोघांपुढे WL आहे त्यांना बर्थ नाही, एवढंच. हेच तिकीट त्यांनी दोन-दोन माणसांच्या दोन पीएनआरवर काढलं असतं, तर दुसरा पीएनआर पूर्ण वेटिंगचा म्हणून सकाळी सातलाच रद्द झाला असता. आई-वडील गाडीत आणि मुलं नारायणगावात, अशी वेळ आली असती. एकत्र जायचंच असेल तर तिकीटही एकत्र काढणं बरं.

चौघांत दोन जागांवर दिल्लीपर्यंत जायचं नसेल, तर पूर्ण तिकीट रद्द करता येतं. पण ते स्वतः करावं लागतं, गाडी सुटण्याच्या पुरेसं आधी. RAC किंवा असं मिश्र तिकीट आपोआप रद्द होत नाही. ‘नाही गेलो, पैसे येतीलच’ म्हणून घरी बसलेल्याचे पैसे येत नाहीत.

खिडकीवर काढलेल्या तिकिटाचा नियम वेगळा. तेही चार्टनंतर आपोआप रद्द होत नाही, आणि पूर्वी अशा वेटिंग तिकिटावर लोक स्लीपरमध्ये चढून जायचे. १ मे २०२५ पासून हे कडकपणे बंद केलं आहे. खिडकीचं वेटिंग असेल तर स्लीपर किंवा एसीत चढता येत नाही, दंड होतो. ते तिकीट ऑनलाइन रद्द करता आलं तरी रोख पैसे घ्यायला आरक्षण खिडकीवर जावं लागतं. त्यासाठी पुण्याची खेप पडणार असेल, तर आपल्या तालुक्यातल्या माणसाने ऑनलाइनच तिकीट काढलेलं सोयीचं.

चार्टनंतरही एक दार उघडं असतं

पहिला चार्ट झाल्यावर गाडीत जागा उरल्या असतील तर त्या ‘करंट बुकिंग’ म्हणून विकल्या जातात, तत्काळचा जादा आकार न लावता. गाडी सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी दुसरा चार्ट बनतो, तोवर ही खिडकी चालू असते. तिकीट आपोआप रद्द झालेल्याने सकाळी आठ-नऊपर्यंत हे पाहत राहावं. दहा तास आधी चार्ट झाल्याचा इथे उपयोग होतो: चाकण पार करून स्टेशन गाठण्याइतका वेळ हातात असताना जागा दिसली तर ती खरोखर वापरता येते. सणासुदीला मात्र उत्तरेकडच्या गाड्यांत असं काही उरत नाही, त्या भरवशावर बॅगा भरू नयेत.

आळेफाटा, बेल्हे, आणे या बाजूच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. झेलम पुण्याहून दौंडमार्गे अहिल्यानगरला थांबते आणि आळेफाट्याहून कल्याण महामार्गाने अहिल्यानगर साधारण पुण्याइतकंच पडतं, पण वाटेत चाकण नाही. तिकीट पुण्यापासूनचं काढून, म्हणजे मोठ्या कोट्यातल्या नंबरासह, चढण्याचं स्टेशन नंतर अहिल्यानगर करता येतं. भाडं पुण्यापासूनचंच लागतं. आयआरसीटीसीवर `Change Boarding Point` हा पर्याय त्यासाठी आहे. हा बदल वेळेत करायचा असतो. आणि एकदा बदल केला की पुण्यातून चढायचा हक्क जातो. तसंच, बदल न करता थेट अहिल्यानगरला गाडी धरायला गेलं, तर तोवर ‘प्रवासी आला नाही’ म्हणून तो बर्थ RAC मधल्या दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो.